सादगीचा हिशेब कुठे मांडायचा?

गेल्या वर्षी आमच्या शाळेत पालकसभा होती. पाचवीतल्या एका मुलीची आई आली होती. अंगात बारीक फुलांचा मरून कुर्ता, खाली चौकड्यांची सलवार, खांद्यावर रुंद पट्ट्यांची ओढणी, दोन्ही हातांत काचेच्या बांगड्या आणि कानात मोठे झुमके. मुलीच्या अभ्यासाबद्दल दोन-चार नेमके प्रश्न विचारून ती निघून गेली. ती गेल्यावर स्टाफरूममध्ये एक बाई म्हणाल्या, "अख्खं दुकान अंगावर घालून आली होती." सगळ्या हसल्या. मीही हसले.

ते हसू माझ्या डोक्यातून गेलं नाही. कारण त्याच महिन्यात माझ्या घरी याच विषयावर भांडण चालू होतं.

माझ्या आपाच्या मुलीचा निकाह ठरला होता. अम्मीने पेटीतून तिच्या लग्नातला खडा दुपट्टा बाहेर काढला. भाचीने तो पाहिला आणि मान हलवली. मला बाजूला घेऊन म्हणाली, "खाला, मेरेकू सिंपल होना. वो सब झगमग नको." अम्मीच्या कानावर ते गेलंच. ती म्हणाली, "शादी है के सोग?" दोघीही माझ्याकडे पाहायला लागल्या, कारण घरात मी शिकलेली, बीएड झालेली, निवाडा करणारी.

मी तेव्हा भाचीच्या बाजूने निवाडा दिला. एवढंच नाही, तर अम्मीला सादगीवर लहानसं भाषणही ऐकवलं. आपल्या दीनमध्ये फिजूलखर्ची आणि दिखावा नापसंत आहे, साधं नेसावं, असं बरंच काही. आज मला वाटतं की भाचीची पसंती बरोबर होती, पण माझं भाषण चुकीचं होतं. साधा दिसणारा कपडा आणि सादगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण त्यांची सर्रास गल्लत करतो. हा लेख त्या गल्लतीबद्दल आहे.

माझा कपड्यांचा धंदा नाही. पण अम्मीने आमच्या लहानपणी घरी शिवणकाम केलं. मोहल्ल्यातले ईदचे जोडे आमच्याकडे शिवले जायचे. तुरपाई, काज आणि बटणं हे माझं काम होतं. त्यामुळे कपडा अंगावर कसा दिसतो हे मी आरशाआधी मशीनच्या बाजूने शिकले.

चार गोष्टी मोजून पाहा

हल्ली पोरी दोन शब्द वापरतात, मिनिमल आणि मॅक्सिमल. अर्थ सोपा आहे. कोणताही पेहराव घ्या आणि चार गोष्टी मोजा. नक्षी किती प्रकारच्या आहेत? रंग किती? एकावर एक थर किती? आणि दागिने, पर्स, पिना धरून वरचा साज किती? चारही आकडे लहान असतील तर पेहराव मिनिमल. चारही मोठे असतील तर मॅक्सिमल.

आपल्याकडे दुसऱ्या टोकाचं उत्तम उदाहरण म्हणजे अम्मीचा तो खडा दुपट्टा. हा मूळचा हैदराबादचा नवरीचा पेहराव. मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, म्हणून तो आमच्याकडच्या लग्नांतही आला आणि टिकला. आत चोळी, तिच्यावर पातळ कुर्ती, खाली चुडीदार. वर सुमारे सहा वारांचा दुपट्टा, चुण्या घालून दोन्ही खांद्यांवर पिनांनी टाचलेला. डोक्यावर वेगळा घुंगट. म्हणजे थर झाले पाच. दागिन्यांत कपाळावर टिका, डोक्याच्या एका बाजूला झुमर, नाकात नथ, कानात करनफूल आणि त्याचं वजन पेलायला मोत्यांचे सहारे, गळ्याशी चिंतक, त्याखाली सात पदरांचा सतलडा, हातात लाखेच्या बांगड्या. मोजता मोजता बोटं संपतात.

आता प्रश्न असा की एवढं सगळं अंगावर असूनही ती नवरी विस्कटलेली का दिसत नाही? अम्मीचा तो जुना फोटो मी पुन्हा नीट पाहिला तेव्हा उत्तर सापडलं. डोळा वस्तू मोजत नाही, डोळा गट मोजतो. आठ दागिने आहेत, पण सगळे एकाच घराण्यातले आहेत. जडावाचं काम आणि मोती, मोती आणि जडावाचं काम. डोळ्याला ते आठ वाटत नाहीत, एकच वाटतात. दुपट्टा सहा वारांचा आहे, पण पातळ आहे आणि त्याच्या काठाला जो गोटा आहे तोच कुर्तीच्या घेराला आहे. रंग पाहिले तर लाल आणि सोनेरी हे दोनच मुख्य. हिरवा फक्त बांगड्यांत आणि दागिन्यांतल्या खड्यांत. चुडीदार अगदी कोरा, त्यावर टिकलीही नाही. म्हणजे एवढ्या गर्दीत डोळ्याला टेकायला एक रिकामी जागा ठेवलेली आहे.

आपण ज्याला भडक म्हणतो त्यात हा हिशेब चुकलेला असतो. वस्तू जास्त झाल्या म्हणून भडक होत नाही, गट जास्त झाले म्हणून होतं. त्याच खडा दुपट्ट्यावर मोत्यांच्या सतलड्याऐवजी चकाकत्या अमेरिकन डायमंडचा हार घाला, कानात ऑक्सिडाइज झुमके आणि हातात प्लास्टिकच्या रंगीत बांगड्या घाला. दागिन्यांची संख्या तेवढीच राहील, कदाचित कमीच होईल. पण डोळ्याला आता तीन वेगळ्या आवाजांत बोलणारी माणसं दिसतील आणि तो थकेल.

नक्षीवर नक्षी कशी बसते

नक्षीत नक्षी मिसळू नये, असं आपल्याला कुणीतरी शिकवलेलं असतं. फुलांच्या कुर्त्यावर कोरी सलवार आणि कोरी ओढणी, हा सुरक्षित नियम. पण महाराष्ट्रातल्या बायका पिढ्यानपिढ्या हा नियम मोडत आल्या आहेत आणि त्यांना कुणी नावं ठेवली नाहीत.

लहानपणी आमच्या शेजारी एक आजी होती, ती कायम इरकल नेसायची. इरकल ही कर्नाटकातल्या इळकल गावावरून नाव पडलेली साडी, पण सोलापूर-कोल्हापूरपासून मराठवाड्यापर्यंत ती आपलीच समजली जाते. आजीच्या साडीच्या अंगावर बारीक चौकडा. काठ रुंद आणि लालसर. पदराला तोप-तेनी, म्हणजे लाल आणि पांढऱ्याचे एकमेकांत घुसलेले मोठे दाते. या सगळ्यावर खणाची चोळी, तिच्यात बारीक विणलेल्या बुट्ट्या. चौकडा, दाते, बुट्टी, अशा तीन वेगळ्या नक्षी एका अंगावर. तरी ती आजी कधी विचित्र दिसली नाही. उलट तिच्याकडे पाहून बरं वाटायचं.

यात दोन युक्त्या आहेत. पहिली मापाची. चौकडा लहान, दाते मोठे, काठ त्याहून वेगळ्या चालीचा. एक नक्षी मोठी, एक मधली, एक बारीक असली की डोळा त्यांना एकामागून एक वाचतो. दोन नक्षी सारख्याच मापाच्या असतील, म्हणजे रुपयाएवढी फुलं आणि रुपयाएवढे ठिपके, तर डोळ्याला कळत नाही की आधी कुणाकडे पाहायचं. मग गजबज होते. दुसरी युक्ती धाग्याची. काठाचा लाल पदरात आहे आणि चोळीतही आहे. एक रंग तीन ठिकाणी आला की तो बाकी सगळ्यांना बांधून ठेवतो. दोनच ठिकाणी आला तर तो योगायोग वाटू शकतो. तिसऱ्या ठिकाणी दिसला की तो ठरवून आणलेला आहे हे कळतं.

हे तपासायचा सोपा उपाय सांगते. पेहराव पलंगावर मांडा, मोबाइलने फोटो काढा आणि तो काळा-पांढरा करा. रंग गेले की फक्त उजेड, सावली आणि माप उरतं. फोटोत दोन्ही नक्षी एकाच राखाडी धुरळ्यात मिसळल्या तर त्या एकमेकींत बसत नाहीत, त्यातली एक बदला. एक ठळक आणि एक मंद अशी दिसत असेल तर बिनधास्त घाला.

कोऱ्या कपड्याची कठोर परीक्षा

आता भाचीच्या सिंपलकडे येते. निकाहसाठी तिने मलई रंगाचा जोडा ठरवला. लांब कुर्ता, सरळ पँट, ओढणी, तिन्ही कोरे. दागिन्यांत फक्त मोत्यांची कानातली. नक्षी शून्य, रंग एक, थर तीन, साज एक. मला वाटलं, झालं काम, आठ दिवसांत होईल. त्याला सहा आठवडे लागले.

पहिली अडचण रंगाची. कुर्त्याचं कापड एका दुकानातून आणलं, पँटचं दुसऱ्या, ओढणी तिसऱ्या. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली तिन्ही एकाच रंगाचे दिसले. घरी अंगणात आणले आणि भाचीचा चेहरा पडला. कुर्ता गुलाबीकडे झुकलेला, पँट हिरवटपणाकडे, आणि ओढणी पिवळट, जणू वर्षभर कपाटात पडून मळलेली. याचं कारण आहे. दोन कापडांना वेगवेगळे रंग लावून एका उजेडात सारखं दाखवता येतं, पण उजेड बदलला की प्रत्येक रंग आपल्या मूळ स्वभावावर येतो. लाल-पिवळ्या पेहरावात एवढा फरक कुणाला दिसत नाही. मलईवर मलई ठेवली की तो दडत नाही. म्हणून पांढरं, मलई किंवा काळं घ्यायचं असेल तर कापड एकाच ताग्यातून घ्यावं आणि दुकानाबाहेर उन्हात नेऊन पाहावं. ज्यांचा बुरखा काळा असतो त्यांना हे ठाऊकच आहे. अबाया एका काळ्याचा आणि स्कार्फ दुसऱ्या काळ्याचा असला की त्यातला एक जुना वाटतो, मग तो काल घेतलेला का असेना.

शेवटी आम्ही ओढणी आणि पँटचं कापड परत केलं. पँट कुर्त्याच्याच ताग्यातून काढली. ओढणी मुद्दाम दोन छटा गडद, बदामी घेतली. रंग जुळत नसतील तर ते जवळजवळ जुळलेले असण्यापेक्षा उघड वेगळे असलेले बरे. थोडासा फरक चूक दिसतो, मोठा फरक निवड दिसते.

दुसरी अडचण शिलाईची. नक्षीदार कपड्यात शिवणीचे दोष झाकले जातात. हे मला अम्मीने मशीनवर शिकवलं होतं. शिवण किंचित ओढली गेली, दोरा अर्धी छटा वेगळा आला, तुरपाईचा टाका उजव्या बाजूला दिसला, तरी फुलापानांत कुणाच्या लक्षात येत नाही. कोऱ्या कापडावर प्रत्येक टाका बोलतो. भाचीच्या कुर्त्याची खांद्याची शिवण हाडाच्या मागे अर्धा इंच सरकली होती. छापील कपड्यात ते कुणी पाहिलं नसतं. इथे समोरून कुर्ता गळ्याकडे ओढलेला दिसत होता आणि बगलेपासून छातीवर तिरप्या सुरकुत्या पडत होत्या. मास्टरांनी खांदा उसवून पुन्हा बसवला. अस्तर पांढराशुभ्र घातला होता, त्यामुळे मलई रंग फिका पडला. अस्तरही बदलावं लागलं.

तिसरी गोष्ट पोताची. नक्षी नाही, रंग नाही, मग डोळ्याने पाहायचं काय? त्यासाठी कापडालाच काहीतरी असावं लागतं. एखादं कापड जड पडतं, एखादं उजेड शोषतं, एखादं खरखरीत असतं. भाचीचा कुर्ता कच्च्या रेशमासारख्या गाठी असलेल्या कापडाचा होता, पँट सपाट, ओढणी झिरझिरीत. रंग एक असूनही तीन पोत होते, म्हणून तो पेहराव जिवंत वाटला. तिन्ही एकाच गुळगुळीत पॉलिस्टरचे असते तर तो इस्पितळातल्या गणवेशासारखा दिसला असता.

आता हिशेब. कापड, दोनदा बदललेलं अस्तर, चांगल्या मास्टरची शिलाई, उसवून पुन्हा शिवणं आणि ओढणी धरून भाचीचा सिंपल जोडा घरात कुणी कधी शिवला नव्हता एवढा महाग पडला. अम्मीचा खडा दुपट्टा पुन्हा वापरात आणायला किती खर्च आला असता? काळा पडलेला गोटा बदलणं, दोन ठिकाणी रफू, एक ड्रायक्लीन. भाचीच्या शिलाईपेक्षाही कमी. तो दुपट्टा अम्मीने नेसला, मग आपाने, मग मी. तीन निकाह एका कपड्यात झाले.

मग सादगी कुणाची?

कोरं नेसणं कुणाला परवडतं

इथे मला माझं भाषण आठवून लाज वाटली. मी रंग आणि चमक पाहून फिजूलखर्ची ठरवली होती. पण फिजूलखर्ची रंगात नसते. ती पैशात, वेळेत आणि मनातल्या हेतूत असते. कोरा कपडासुद्धा दिखावा असू शकतो, किंबहुना आज श्रीमंतांचा दिखावा बहुतेक कोराच असतो. एक साधा पांढरा शर्ट, ज्याच्यावर नाव नाही, निशाणी नाही, पण ज्याला किंमत कळते त्याला ती बरोबर कळते. तो दिखावा आहे, फक्त मोजक्या लोकांसाठी आहे.

आणि कोरं नेसणं कुणाला परवडतं याचाही विचार करा. पांढऱ्या कुर्त्यावर हळदीचा एक थेंब पडला की तो घालता येत नाही. त्याला वेगळं धुवावं लागतं, रोज इस्त्री लागते. जी बाई सकाळी चार माणसांचा डबा करून, पोराला कडेवर घेऊन, रिक्षात दाटीवाटीने बसून कामाला जाते, तिच्यासाठी बारीक फुलांचं छापील कापड ही चैन नाही, सोय आहे. डाग लपतो, चुरगळा लपतो, जोड दिला तरी लपतो. आपण तिला आवड नाही म्हणतो, तेव्हा खरं तर तिच्याकडे धोबी नाही एवढंच म्हणत असतो.

दीनचं नाव घेऊन रंगाला नावं ठेवणाऱ्यांना मी एका कापडाची आठवण करून देईन. त्याचं नाव मशरू. पुरुषांना निव्वळ रेशीम वर्ज्य मानलं जातं, म्हणून विणकरांनी वाट काढली. ताणा रेशमाचा, बाणा सुताचा, आणि वीण अशी की रेशीम वर दिसावं आणि अंगाला सूत लागावं. नावाचा अर्थच मुळी शरीयतने परवानगी दिलेलं असा आहे. आमच्या औरंगाबादचं हिमरू याच कुळातलं, फक्त त्यात ताणा सुताचा आणि नक्षी रेशमी बाण्याची. आता मशरू दिसतं कसं ते पाहा. गुजरातेतलं असो की दख्खनमधलं, लाल, पिवळ्या, हिरव्या, जांभळ्या पट्ट्यांनी भरलेलं. बंधन पाळलं गेलं धाग्यात. रंगावर बंधन नव्हतंच, म्हणून त्यांनी रंग सोडला नाही. परहेज आणि रंग एकाच मागावर विणले गेले. आपण मात्र परहेज म्हटलं की आधी रंग काढून टाकतो.

याचा अर्थ भारी पेहराव निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. त्याचे दोष मी लग्नाच्या मांडवांत डोळ्यांनी पाहते. आजचा नवरीचा लेहंगा एवढा जड असतो की मुलगी एकटी उठू शकत नाही. झुमर आणि टिक्याने डोकं दुखतं, आणि तिचा चेहरा शोधावा लागतो. त्याहून वाईट म्हणजे स्पर्धा. तिच्या निकाहला एवढं होतं, मग आपल्याकडे एवढं तरी हवंच, या नादात बाप कर्ज काढतो. जो जोडा एकदाच घालून कपाटात जातो तो मलई रंगाचा असो की लाल, त्याला फिजूलखर्चीच म्हणायचं. भाचीचं म्हणणं मला इथेच पटलं. ती म्हणाली होती, "खाला, उस दिन मैं दिखनी होना, कपडे नहीं." हा सिंपलचा सगळ्यात खरा युक्तिवाद आहे. मिनिमल पेहरावात माणूस पुढे येतो आणि कपडा मागे राहतो. मॅक्सिमलमध्ये घराणं, कारागिरी आणि परंपरा पुढे येतात. कुणाला काय पुढे आणायचं आहे हे ज्याचं त्याने ठरवावं. त्याला धार्मिक गुण देऊ नयेत.

माझं मत एवढंच आहे. पेहराव चांगला की वाईट हे चार आकड्यांवरून ठरत नाही. मॅक्सिमलला विचारायचा प्रश्न आहे, यातल्या वस्तू एकमेकींशी बोलतात का? मिनिमलला विचारायचा प्रश्न आहे, यात जे उरलं आहे ते नीट केलं आहे का? आणि सादगीला विचारायचा प्रश्न अगदीच वेगळा आहे. हा कपडा किती वर्षं, किती जणांच्या अंगावर आणि कुणाच्या घामावर टिकणार आहे? पहिले दोन प्रश्न नजरेचे आहेत, तिसरा नीयतचा. नजरेने नीयत मोजायला गेलो की आपण दुसऱ्यांवर हसायला लागतो.

निकाहला भाचीने मलई जोडाच घातला. सुंदर दिसली. वलीम्याच्या दिवशी सकाळी ती अम्मीच्या खोलीत गेली आणि तो खडा दुपट्टा मागितला. आम्ही कुणी तिला सांगितलं नव्हतं. पाच थरांऐवजी तिने बदामी रंगाच्या कोऱ्या जोड्यावर एकटा तो लाल दुपट्टा टाचला, गळ्यात अम्मीचा चिंतक घातला आणि बाकी सगळं पेटीत राहू दिलं. अम्मी आधी म्हणाली, अधुरं दिसतंय. मग बराच वेळ पाहत राहिली आणि खांद्यावरच्या चुण्या स्वतः नीट केल्या. अम्मीने हार मानली नाही, भाचीनेही नाही. पण दुपट्ट्याचा चौथा निकाह झाला.

आणि ती पाचवीतल्या मुलीची आई? ती या सत्रातही पालकसभेला आली. तोच मरून फुलांचा कुर्ता, तीच चौकड्यांची सलवार, तीच पट्ट्यांची ओढणी. या वेळी मी नीट पाहिलं. बारीक फुलं, मधला चौकडा, रुंद पट्टे. तीन मापं. मी तिला विचारलं, हे कुठून घेतलंत? ती जरा संकोचली. कुर्ता नवा होता, सलवार तिच्या अम्मीच्या जुन्या साडीची होती आणि ओढणी बहिणीने दिलेली. मग हसून म्हणाली, "तीनों में मरून था ना मॅडम, इसलिए बैठ गया."

मी ओढणीच्या पट्ट्यांत पाहिलं. होता मरून. चौकड्यातही होता, एक बारीक रेघ.